वहीतल्या नोंदींपासून बँकेच्या यादीपर्यंत

घर तारण ठेवून कर्ज काढायचे ठरले की बँक कागदपत्रांची एक छापील यादी हातात देते. यादीत लिहिलेले असते: मालकीची साखळी दाखवणारे सर्व मूळ दस्त, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचे ना-हरकत पत्र, मंजूर नकाशा, करपावती. घरात मात्र नोंदी वेगळ्याच भाषेत असतात. वडिलांच्या वहीत ‘निळी फाईल’ असते, पाकिटावर ‘बँक फिटली’ असे लिहिलेले असते, आणि कुठला कागद कोणी कधी आणला हे आईच्या लक्षात असते. या नोंदी लिहिणाऱ्याने आपल्या आठवणीसाठी केलेल्या असतात. बँकेचा वकील त्याच घराकडे पाहताना एकच क्रम धरतो: हे घर पहिल्यांदा कोणाचे होते, त्याच्याकडून कोणाकडे गेले आणि आज कोणाचे आहे.

म्हणून यादी करताना पहिले काम कागद गोळा करण्याचे नाही. वहीतली प्रत्येक नोंद त्या मालकीच्या क्रमात कुठे बसते हे पाहणे आधी करावे. तसे केले की कोणता दुवा तुटलेला आहे हे अर्ज करण्यापूर्वीच घरी कळते. या प्रकरणात आपण हे काम एका उदाहरणावरून शेवटपर्यंत करून पाहू.

वहीतल्या दहा ओळी

ठाण्यातल्या एका जुन्या गृहनिर्माण सोसायटीतला फ्लॅट घेऊ. वडिलांनी तो 1996 मध्ये पहिल्या मालकाकडून विकत घेतला. वडील 2019 मध्ये वारले. आता त्या घरात आई आणि मुलगा राहतात; मुलगी लग्न होऊन नागपूरला आहे. नातीच्या शिक्षणासाठी मुलाला हा फ्लॅट तारण ठेवून कर्ज हवे आहे. घरच्या वहीत पुढील ओळी आहेत. पहिल्या काही वडिलांच्या हातच्या, नंतरच्या मुलाच्या.

1. बिल्डरचा पहिला करार 1988, पावती फाईलमध्ये.
2. आपला करार 1996, निळी फाईल.
3. शेअर सर्टिफिकेट मिळाले 1997.
4. बाल्कनी आत घेतली 2004.
5. बँक फिटली 2008, कागद आणले.
6. बाबा गेले, जानेवारी 2019. दाखल्याच्या सहा प्रती.
7. शेअर सर्टिफिकेट आईच्या नावावर झाले, 2020.
8. ताईने लिहून दिले, शंभरच्या स्टँपवर, नोटरी.
9. आजी गेली, 2021.
10. घरपट्टी भरली. लाइट बिल अजून बाबांच्या नावावर.

या ओळी आधी जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात. उतरवताना दुरुस्ती करू नये, कारण कोणत्या शब्दामागे काय दडले आहे हे सुरुवातीला ठाऊक नसते. मग प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारावा: ही ओळ एखाद्या कागदाबद्दल आहे, एखाद्या घटनेबद्दल आहे, की कोणाच्या समजुतीबद्दल? ‘आपला करार 1996’ हा कागद आहे. ‘आजी गेली’ ही घटना आहे. ‘आईच्या नावावर झाले’ यात कागदही आहे आणि एक समजूतही. घटनेला तिचा कागद शोधावा लागतो. समजुतीला मात्र कायदा काय म्हणतो ते तपासावे लागते.

मालकीचा क्रम लावताना

आता एका कोऱ्या कागदावर डाव्या बाजूला फक्त हात बदलल्याची वर्षे लिहायची. आपल्या उदाहरणात चार वेळा हात बदलले. 1988 मध्ये बिल्डरकडून पहिल्या मालकाकडे. 1996 मध्ये पहिल्या मालकाकडून वडिलांकडे. 2019 मध्ये वडिलांच्या मृत्यूने त्यांच्या वारसांकडे. चौथी वेळ 2021 ची, आणि ती बहुतेक घरांत कोणाच्या लक्षात येत नाही. तिच्याकडे पुढे येऊ. प्रत्येक वर्षासमोर तो बदल सिद्ध करणारा कागद लिहायचा, आणि त्यापुढे तो मूळ आहे की झेरॉक्स, कोणाच्या नावे आहे, त्याचा दस्त क्रमांक काय आणि तो आत्ता कुठे आहे, हे लिहायचे.

1988 समोर वहीत ‘पावती’ असा शब्द आहे. इथे थांबावे लागते. दस्त नोंदणीसाठी सादर केला की दुय्यम निबंधक कार्यालय पावती देते, आणि नोंदणी पूर्ण झाल्यावर ती पावती दाखवून मूळ दस्त परत घ्यायचा असतो. आज हे काम लगेच होते, पण त्या काळी दस्त हातात यायला बराच अवधी लागे, आणि अनेक जण पावती फाईलला लावून निर्धास्त होत. पावती हातात आहे याचा अर्थ बहुधा असा की मूळ दस्त आणायला कोणी गेलेच नाही. आपल्या उदाहरणात पहिल्या मालकाने वडिलांना पावतीच दिली आणि तीच जपली गेली.

अशा वेळी ती पावती घेऊन ज्या कार्यालयात नोंदणी झाली तिथे अर्ज करावा. दस्त अजून तिथे असेल तर तो मिळतो. पण 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 85 नुसार, दोन वर्षांहून अधिक काळ कोणी न नेलेले दस्त, मृत्युपत्रे वगळून, नष्ट करता येतात. मूळ दस्त गेला तरी त्याची नोंद कार्यालयाच्या पुस्तक क्रमांक 1 मध्ये राहते, आणि त्यावरून शिक्का-सहीची नक्कल मिळते. मूळ नसल्याचे कारण प्रतिज्ञापत्रात लिहून ही नक्कल बँकेला द्यावी लागते. बँकेचा वकील सोबत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायलाही सांगू शकतो. हे काम वेळ खाते, म्हणून यादीत ते सगळ्यात वर जाते.

1988 च्या दस्ताबाबत दुसरी तपासणी मुद्रांकाची. 10 डिसेंबर 1985 पासून महाराष्ट्रात ताबा देणाऱ्या किंवा देऊ करणाऱ्या विक्री-करारावर खरेदीखताइतके मुद्रांक शुल्क लागू झाले. तरीही त्यानंतर काही वर्षे किरकोळ रकमेच्या स्टँप पेपरवर करार होत राहिले. म्हणून नक्कल हाती आली की पहिल्या पानावर किती रुपयांचा मुद्रांक आहे ते आधी पाहावे. तो फारच कमी दिसला तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून किती शुल्क आणि दंड लागेल याचा निर्णय घेता येतो. कमी मुद्रांकाचा दस्त पुराव्यात अडखळतो, आणि ज्या कागदावर उद्या न्यायालयात उभे राहता येणार नाही तो तारण म्हणून घ्यायला बँक कचरते.

1996 चा दुवा बळकट आहे. निळ्या फाईलमध्ये मूळ करार आहे. शेवटच्या पानांवर दुय्यम निबंधकाचा शेरा, दस्त क्रमांक आणि शिक्का आहे. यादीत हा क्रमांक आणि पानांची संख्या लिहून ठेवावी. पुढे मूळ कागद बँकेला देताना हीच संख्या उपयोगी पडते.

‘आईच्या नावावर झाले’

आता वहीतली सातवी ओळ. वडील वारल्यावर सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर आईचे नाव चढवले, कारण वडिलांनी सोसायटीच्या अर्जात आईचे नामनिर्देशन केले होते. घरच्यांनी त्याचा अर्थ ‘फ्लॅट आईचा झाला’ असा लावला. असे बहुतेक घरांत होते, आणि बँकेकडून अर्ज परत येण्याचे हे एक मोठे कारण आहे.

नामनिर्देशनाने मालकी जात नाही. सोसायटीला कोणाशी व्यवहार करायचा हे त्यावरून ठरते. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 154-ब-13 हे स्पष्ट करते: खरे वारस सदस्य होईपर्यंत नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरते सदस्य करून घ्यायचे. मालकी ठरते ती मृत्युपत्राने, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याने. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. हे कुटुंब हिंदू वारसा कायद्याखाली येते, आणि त्या कायद्यानुसार 2019 मध्ये वडिलांच्या वारसांत पत्नी, मुलगा, मुलगी आणि वडिलांची आई हे चौघे सारख्या हक्काने आले. मुलाची आई पहिल्या वर्गातली वारस असते, हे सहसा विसरले जाते. प्रत्येकाला चौथा हिस्सा.

इथे नववी ओळ महत्त्वाची ठरते. ‘आजी गेली, 2021’ हे कोणी मालमत्तेची नोंद म्हणून लिहिले नव्हते. पण आजी वडिलांच्या मागे दोन वर्षे जगली. तेवढ्या काळात तिला या फ्लॅटचा चौथा हिस्सा मिळाला होता, आणि तिच्या मृत्यूनंतर तो तिच्या वारसांकडे गेला. आजोबा आधीच गेलेले, आजीने मृत्युपत्र केलेले नाही. मग तिचे वारस म्हणजे काका, आत्या, आणि आधी गेलेल्या मुलाची म्हणजे वडिलांची मुले. तो चौथा हिस्सा तीन भागांत गेला: एक काकांचा, एक आत्याचा, आणि तिसरा मुलगा-मुलगी यांच्यात निम्मा-निम्मा. आईला सुनेच्या नात्याने त्यात काही मिळत नाही.

हिशेब चोविसाव्या भागांत केला तर सरळ दिसतो. आईचे 6 भाग. मुलाचे 7 आणि मुलीचे 7. काकांचे 2 आणि आत्याचे 2. एकूण 24. ज्या फ्लॅटला घरचे लोक आईचा म्हणत होते, त्याचे कागदोपत्री पाच मालक आहेत, आणि त्यातले दोघे कधी या घरात राहिलेलेही नाहीत. बँकेच्या वकिलाला दोन्ही मृत्यू दाखले दिसले की तो पाचही जणांच्या सह्या मागणार.

वारस कोण हे धर्मानुसार आणि प्रदेशानुसार बदलते. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे वारसा नियम वेगळे आहेत. गोव्यात विवाहानंतर पती-पत्नीच्या मालमत्तेतले अर्धे-अर्धे हक्क धरून वारसांची वाटणी होते, आणि तिथे इन्व्हेंटरी नावाची न्यायालयीन कार्यवाही लागते. त्यामुळे वरचा हिशेब आपल्या घरी उतरवताना आधी आपल्याला लागू होणारा कायदा पाहावा. कृती मात्र सगळीकडे सारखी राहते: मालक वारल्याच्या दिवशी कोण कोण जिवंत होते ते लिहायचे, आणि त्यांच्यापैकी नंतर कोण गेले ते त्याखाली लिहायचे. घरातली प्रत्येक मृत्यूची तारीख हा मालमत्तेचा तपशील असतो.

ताईने लिहून दिले, ते पुरेसे आहे का?

आठव्या ओळीत बहिणीने शंभर रुपयांच्या स्टँपवर लिहून, नोटरीपुढे सही करून, आपला हक्क नसल्याचे म्हटले आहे. तिची इच्छा त्यातून दिसते, पण तेवढ्याने तिचा हिस्सा जात नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेतला हक्क सोडणारा लेख नोंदणी कायद्याच्या कलम 17 खाली सक्तीने नोंदवावा लागतो. नोटरीचा शिक्का ही नोंदणी नव्हे. म्हणून या कागदासमोर यादीत ‘मालकीसाठी ग्राह्य नाही’ असे लिहून पुढचे काम नोंदवायचे: दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेले हक्कसोडपत्र.

हक्कसोडपत्रापूर्वी मात्र कुटुंबाने बसून एक गोष्ट ठरवायला हवी. बहिणीने हक्क सोडलाच पाहिजे असे बँक म्हणत नाही. बँकेला एवढेच हवे असते की जे जे मालक आहेत त्या सर्वांनी तारणाला संमती द्यावी. बहीण मालक राहूनही सहकर्जदार किंवा तारण देणारी म्हणून सही करू शकते. त्यात तिचा हिस्सा टिकतो, पण कर्ज थकले तर तिचा हिस्साही धोक्यात येतो. हक्क सोडला तर ती या कर्जातून मोकळी होते, पण घरातला तिचा वाटा कायमचा जातो. हे दोन्ही तिला सही करण्यापूर्वी स्पष्ट सांगितले पाहिजे. कर्जाच्या घाईत, फक्त कागद पूर्ण व्हावा म्हणून बहिणीची सही घेणे योग्य नाही.

आपल्या उदाहरणात बहीण, काका आणि आत्या या तिघांनी आई आणि मुलाच्या नावे हक्क सोडायचे ठरवले असे धरू. जवळच्या रक्ताच्या नात्यात, मोबदला न घेता, वारशाने आलेला हक्क सोडला तर मुद्रांकात मोठी सवलत मिळू शकते. पण सवलतीची नाती कायद्यात ठरलेली आहेत. बहिणीने भावाच्या नावे सोडणे आणि काकांनी वहिनीच्या किंवा पुतण्याच्या नावे सोडणे, या दोन्हीला एकच दर लागेल असे गृहीत धरू नये. मसुदा पक्का करण्यापूर्वी वकिलाकडून किंवा दुय्यम निबंधक कार्यालयातून शुल्क विचारून घ्यावे. नोंदणी झाली की दस्ताबरोबर सूची क्रमांक 2 चा उतारा घ्यावा. कोणी, कोणाच्या नावे, कोणत्या मालमत्तेबद्दल काय केले हे त्या एका पानावर असते, आणि बँक ते पान हटकून मागते.

याशिवाय बँकेचा वकील सर्व वारसांची नावे सांगणारे प्रतिज्ञापत्र मागतो. काही बँका त्यापुढे जाऊन दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला मागतात. वारसांत वाद असेल तर तो लागतोच. वाद नसेल तर त्याची गरज आहे का हे अर्जापूर्वी बँकेलाच विचारावे, कारण त्याला महिने लागू शकतात.

उरलेल्या ओळी

पाचवी ओळ ‘बँक फिटली 2008, कागद आणले’. वडिलांनी फ्लॅट घेताना काढलेले कर्ज 2008 मध्ये संपले. या एका ओळीतून तीन गोष्टी वेगळ्या तपासायच्या आहेत. कर्ज संपल्याचे बँकेचे पत्र आहे का? मूळ करार परत आला का? आणि सोसायटीच्या दप्तरात त्या बँकेचा बोजा नोंदलेला होता तो उतरवला का? पहिल्या दोन गोष्टी लोक करतात, तिसरी राहून जाते. मग नवीन कर्जासाठी सोसायटीचे पत्र घ्यायला गेल्यावर सचिवाला जुन्या बँकेचे नाव दिसते. जुने पत्र दाखवून तो बोजा उतरवून घेणे सोपे आहे, पण पत्रच हरवले असेल तर त्या बँकेत जाऊन नवे घ्यावे लागते.

चौथी ओळ बाल्कनीची. तिच्यामागे कागद नाही, तरी ती यादीत हवी. बँकेचा मूल्यांकक घर पाहायला येतो तेव्हा त्याच्या हातात मंजूर नकाशा आणि करारातले क्षेत्रफळ असते. भिंत काढून खोलीत घेतलेली बाल्कनी त्याला दिसते. महापालिकेची परवानगी नसेल तर तो त्या वाढीव भागाची किंमत धरत नाही, आणि बदल मोठा असेल तर अहवालात तसा शेरा मारतो. म्हणून मंजूर नकाशाची प्रत सोसायटीकडून किंवा महापालिकेकडून आधीच काढावी, आणि बदल झाला असेल तर तो अर्ज करतानाच सांगावा. त्याच वेळी इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र आहे का हेही पाहावे. जुन्या सोसायट्यांत ते हाती सापडत नाही, आणि कधी कधी ते मिळालेलेच नसते.

दहावी ओळ घरपट्टी आणि विजेच्या बिलाची. ही बिले ताबा आणि पत्ता दाखवतात, मालकी दाखवत नाहीत. खेड्यातल्या घराबाबत ग्रामपंचायतीच्या नमुना 8 चा उतारा आणि शेतजमिनीबाबत सातबारा यांचेही तसेच. ते महसुली आणि करवसुलीच्या नोंदी आहेत. नाव बरोबर असणे चांगलेच, पण त्यांच्यामागे खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफार किंवा वारस नोंद उभी लागते.

कागदांचे दोन प्रकार आणि कामांचा क्रम

यादी उतरवताना आणखी एक फरक लक्षात ठेवावा. करार, हक्कसोडपत्र, मृत्यू दाखला हे कागद कायमचे आहेत. आज काढले काय आणि पुढच्या वर्षी काय, चालतात. सोसायटीचे ना-हरकत पत्र, थकबाकी नसल्याचे पत्र, करपावती, पगारपत्रक, बँक खात्याचा उतारा हे कागद लवकर शिळे होतात. त्यामुळे कायमच्या कागदांची कामे आधी आणि शिळे होणाऱ्यांची शेवटी, हा क्रम ठेवावा. सोसायटीचे पत्र घाईने आधी घेतले तर त्यात एकट्या आईचे नाव येते, आणि हक्कसोडपत्रानंतर मुलगाही मालक झाल्यावर तेच पत्र पुन्हा मागावे लागते.

या क्रमाने आपल्या उदाहरणाची यादी अशी उभी राहते.

पहिला गट, मालकीची साखळी:
- 1988 चा करार: नक्कल, दुय्यम निबंधक कार्यालयातून मागवायची, पावती घरी, मुद्रांक तपासायचा.
- 1996 चा करार: मूळ, निळी फाईल, दस्त क्रमांक आणि पाने नोंदवली.
- वडिलांचा आणि आजीचा मृत्यू दाखला: वडिलांचा घरी, आजीचा काकांकडून आणायचा.
- सर्व वारसांचे प्रतिज्ञापत्र: करायचे.
- बहीण, काका, आत्या यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आणि सूची क्रमांक 2: करायचे.
- नोटरी केलेला कागद: फाईलमध्ये राहू दे, बँकेला मालकीचा पुरावा म्हणून देऊ नये.

दुसरा गट, घराची ओळख:
- मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र: सोसायटीकडे विचारायचे.
- करारातला सर्व्हे क्रमांक, आजचा सिटी सर्व्हे क्रमांक आणि फ्लॅटचा क्रमांक: तिन्ही एका ओळीत लिहायचे, कारण सोसायटीने नंतर इमारतींना नवे क्रमांक दिले असतील तर तोच फ्लॅट दोन कागदांवर दोन क्रमांकांनी दिसतो.
- जमिनीचे सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण झाले आहे का: सोसायटीच्या दप्तरातून.

तिसरा गट, बोजा:
- 2008 चे कर्ज संपल्याचे पत्र: शोधायचे.
- सोसायटीच्या दप्तरातला जुना बोजा उतरवणे: करायचे.

चौथा गट, शेवटी घ्यायचे:
- आई व मुलगा यांच्या नावांचे शेअर सर्टिफिकेट.
- सोसायटीचे ना-हरकत व थकबाकी नसल्याचे पत्र.
- चालू वर्षाची घरपट्टी, वीज बिल.
- उत्पन्नाचे आणि ओळखीचे कागद: पॅन, आधार, आयकर विवरणपत्रे, पगारपत्रके, खात्याचे उतारे.

प्रत्येक ओळीसमोर कोणाचे काम आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही लिहावे. आणि कागद जमतील तसे सर्व कागदांवरची नावे एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. आईचे नाव एका दस्तात वडिलांच्या नावासह, आधारवर नुसते नाव-आडनाव, आणि शेअर सर्टिफिकेटवर आद्याक्षरांनी असू शकते. तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच तयार असले तर बँकेतला एक हेलपाटा वाचतो.

मूळ कागद देण्याचा दिवस

अर्ज करताना बँकेला झेरॉक्स द्याव्यात आणि मूळ कागद फक्त ताडून पाहण्यासाठी दाखवावेत. बँकेचा वकील साधारण 30 वर्षांच्या नोंदी दुय्यम निबंधक कार्यालयात शोधतो आणि आपला अहवाल देतो. कर्ज मंजूर झाल्यावरच मूळ दस्त बँकेच्या ताब्यात जातात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58 मध्ये मालकीचे दस्त ठेवून करायचे तारण मान्य आहे, आणि बहुतेक बँका तेच करतात. महाराष्ट्रात अशा तारणाची सूचना 30 दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे दाखल करायची असते.

त्या दिवशी आपली यादी पुन्हा कामाला येते. दिलेल्या प्रत्येक मूळ दस्ताचे नाव, क्रमांक, तारीख आणि पानांची संख्या लिहिलेल्या यादीवर बँकेची सही-शिक्का घ्यावा, आणि सर्व कागदांची स्कॅन केलेली प्रत घरी ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या आदेशानुसार, कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत सर्व मूळ कागद परत करणे आणि नोंदवलेला बोजा काढणे बँकांना बंधनकारक आहे. बँकेच्या कारणाने उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. पण काय काय दिले होते हे सांगणारा सही-शिक्क्याचा कागद आपल्या हाती नसेल, तर हा हक्क वापरताना अडचण येते.

आपल्या घरची वही असेल तर ती आजच उघडा आणि तिच्यात एक पान वाढवा. घराचे मालक कोण होते, ते कधी गेले, त्या दिवशी त्यांचे कोण कोण हयात होते, आणि त्या प्रत्येकाच्या हिश्श्याचे पुढे काय झाले, एवढेच त्या पानावर लिहा. ज्यांना हे तोंडपाठ आहे ती माणसे घरात आहेत तोवर ते लिहून घ्या. कर्ज काढा किंवा काढू नका, घराच्या सगळ्या कागदांत वकिलाला सर्वांत आधी हेच पान लागेल.